गाडी विकली, मग तोटा गेला कुठे?

सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण त्याच्यासारखी माणसे प्रत्येक बाजारपेठेत आहेत. त्याने जून २०२१ मध्ये धंद्यासाठी १० लाख रुपयांची कार घेतली. वह्यांमध्ये दरवर्षी घसारा पडत गेला आणि ३१ मार्च २०२५ रोजी कारची किंमत ५ लाख २२ हजारांवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने ती ४ लाखांना विकली. मुनिमाने नफा-तोटा पत्रकात ‘कार विक्रीवरील तोटा, १ लाख २२ हजार’ अशी नोंद केली. हिशेब म्हणून ही नोंद बिनचूक आहे. पण सीएने आयकराची गणना करताना हा तोटा उचलला आणि पुन्हा नफ्यात मिळवला. व्यापाऱ्याचा प्रश्न साधा होता: पैसे तर खरोखरच कमी आले, मग हा तोटा धरायचा नाही असे कसे?

तोटा नाकारला गेलेला नाही. तो वेगळ्या ठिकाणी जाऊन बसला आहे. ते ठिकाण म्हणजे मालमत्तांचा गट, ज्याला सीए आणि करसल्लागार सरसकट ‘ब्लॉक’ म्हणतात. धंद्यातली गाडी विकताना आयकर कायदा त्या गाडीवर नफा झाला की तोटा, हे विचारतच नाही. तो फक्त ब्लॉकमध्ये किती शिल्लक होते आणि विक्रीचे किती आले, एवढेच पाहतो. अनेक छोट्या व्यावसायिकांना हे विक्रीनंतर, विवरणपत्र भरायच्या वेळी कळते. तोपर्यंत ३१ मार्च उलटून गेलेला असतो आणि करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पूर्वी असे नव्हते. प्रत्येक यंत्राचा, प्रत्येक वाहनाचा वेगळा हिशेब ठेवावा लागे. वस्तू विकली की तिचा हिशेब तिथेच मिटे. उरलेल्या किमतीपेक्षा कमी पैसे आले तर फरक धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळे. जास्त आले तर पूर्वी घेतलेल्या घसाऱ्याइतकी जादा रक्कम धंद्याच्या उत्पन्नात धरली जाई. शेकडो यंत्रे असलेल्या कारखान्याला हे काम जिकिरीचे होते. १९८६ च्या दुरुस्ती कायद्याने ही पद्धत बदलली आणि कर-निर्धारण वर्ष १९८८-८९ पासून ब्लॉकची पद्धत आली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण ब्लॉकची पद्धत तशीच ठेवली आहे.

एकाच प्रकारच्या आणि घसाऱ्याचा दर एकच असलेल्या सगळ्या मालमत्ता मिळून एक ब्लॉक होतो. इमारती, फर्निचर, यंत्रसामग्री हे प्रकार आणि प्रत्येक प्रकारात दरानुसार वेगवेगळे ब्लॉक. वाहन हे कायद्याच्या भाषेत यंत्रसामग्रीत येते. स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या कारचा दर १५ टक्के आहे. हळद दळण्याच्या गिरणीचा दरही १५ टक्केच. त्यामुळे आपल्या व्यापाऱ्याची कार, गिरणी, वजनकाटा आणि स्वतःची पोती वाहणारा टेम्पो हे सगळे एका ब्लॉकमध्ये आहेत. हा ब्लॉक हौदासारखा आहे. कार घेतली तेव्हा तिचे १० लाख हौदात ओतले गेले आणि त्या दिवसापासून हौदात कारचे पाणी कुठले आणि गिरणीचे कुठले, हे कोणी विचारत नाही.

टेम्पोबद्दल इथेच एक खुलासा करतो, कारण त्यात चूक फार होते. मालवाहू गाडीला ३० टक्के घसारा मिळतो असे बरेच जण धरून चालतात. तो दर भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या ट्रक, बस आणि टॅक्सीसाठी आहे. स्वतःचाच माल वाहणाऱ्या टेम्पोला १५ टक्केच. दर चुकला की गाडी चुकीच्या ब्लॉकमध्ये जाते आणि पुढे ती विकताना सगळीच गणिते चुकतात.

(मधल्या काळात काही गाड्यांना वाढीव दर होता. २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेऊन वापरात आणलेल्या, भाड्याने न चालवल्या जाणाऱ्या कारला ३० टक्के. अशी कार अजून दप्तरी असेल तर ती १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये नाही, हे विक्रीपूर्वी तपासून घ्यावे.)

आता व्यापाऱ्याच्या हौदात किती होते ते पाहू. १ एप्रिल २०२५ रोजी त्याच्या १५ टक्क्यांच्या ब्लॉकची शिल्लक किंमत १४ लाख २२ हजार होती. त्यातले ९ लाख गिरणी, काटा आणि टेम्पोचे आणि ५ लाख २२ हजार कारचे, असे आपण समजण्यापुरते म्हणू शकतो. कायद्याला मात्र फक्त १४ लाख २२ हजार ही एकच रक्कम माहीत आहे. कार ४ लाखांना गेली, म्हणून ४ लाख वजा. कारची उरलेली किंमत वजा करायची नाही, विक्रीतून आलेली रक्कम वजा करायची. उरले १० लाख २२ हजार. त्यावर १५ टक्के, म्हणजे १ लाख ५३ हजार ३०० रुपये घसारा.

गंमत पुढे आहे. कार गेली, उरलेल्या वस्तूंचे मोल ९ लाख. त्यावर १५ टक्क्यांनी घसारा १ लाख ३५ हजारच झाला असता. मग वरचे १८ हजार ३०० कुठून आले? ते १ लाख २२ हजारांच्या १५ टक्के आहेत. म्हणजे कार निघून गेली, पण तिच्यावरचा तोटा ब्लॉकमध्येच राहिला आणि त्यावर घसारा सुरू झाला. पुढच्या वर्षी त्यातले १५ हजार ५५५ मिळतील, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडे कमी. व्यापाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

मात्र हा तोटा किती सावकाश मिळतो, हेही त्याला सांगायला हवे. दरवर्षी उरलेल्याच्या १५ टक्के या चालीने पाच वर्षांत सुमारे ६८ हजार वजा होतील आणि ५४ हजार अजून ब्लॉकमध्येच असतील. दहा वर्षांनंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक राहील. तोटा बुडालेला नसतो, पण जुन्या पद्धतीत जे एका वर्षात मिळाले असते त्यासाठी आता दशकभर थांबावे लागते. सोपेपणाची ही किंमत आहे आणि ती करदाता मोजतो.

नफ्याचे काय? हीच कार ६ लाखांना गेली असती तर वह्यांमध्ये ७८ हजारांचा नफा दिसला असता. आयकरासाठी तो नफाही उत्पन्नातून काढला जातो. ब्लॉकमधून ६ लाख वजा झाले की ८ लाख २२ हजार उरतात आणि घसारा १ लाख २३ हजार ३०० होतो. १ लाख ३५ हजारांऐवजी ११ हजार ७०० कमी, म्हणजे ७८ हजारांच्या १५ टक्के. त्या वर्षी ७८ हजारांवर कर लागला नाही, पण पुढची कित्येक वर्षे घसारा कमी मिळत राहील. कर माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे. ब्लॉकची पद्धत तोट्याला उशीर लावते तशीच नफ्यालाही लावते आणि इथवर ती न्याय्य आहे, असे मला वाटते.

हे सगळे चालते ते ब्लॉक जिवंत असेपर्यंत. दोन प्रसंगी मात्र हिशेब त्याच वर्षी मिटवावा लागतो.

पहिला प्रसंग म्हणजे विक्रीची रक्कम अख्ख्या ब्लॉकपेक्षा मोठी असणे. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक त्या वर्षी त्याच ब्लॉकमध्ये केलेली खरेदी, अधिक विक्रीसाठी झालेला थेट खर्च, जसे दलाली, यांच्या बेरजेपेक्षा जास्त पैसे आले, तर जादा रक्कम अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरते. गाडी पाच वर्षे वापरली की पंधरा वर्षे, याने फरक पडत नाही, नफा अल्पमुदतीचाच मानला जातो. शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्याचा खास दरही याला नाही. तो इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर भरायचा. ब्लॉकची किंमत शून्य होते आणि मागे गिरणी-काटा उरला असला तरी त्यावर घसारा मिळत नाही. त्याच ब्लॉकमध्ये नवी वस्तू आली तरच पुन्हा आकडा उभा राहतो.

दुसरा प्रसंग जास्त घातक आहे आणि तो लहान माणसाला गाठतो. तो म्हणजे ब्लॉक रिकामा होणे.

पुण्यात स्वतःचे छोटे कार्यालय चालवणारी एखादी वास्तुविशारद घ्या. तिच्याकडे संगणक आहेत, ते ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये. टेबल-खुर्च्या १० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये. १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये एकटी कार. किंमत तीच धरू, १ एप्रिल २०२५ रोजी ५ लाख २२ हजार. तिनेही ती ऑगस्टमध्ये ४ लाखांना विकली. आता ब्लॉकमध्ये आकड्याने १ लाख २२ हजार उरले, पण वस्तू एकही नाही. वस्तू नसेल तर ब्लॉक संपला आणि उरलेल्या आकड्यावर घसारा नाही. हे १ लाख २२ हजार अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरतात.

इथे हळद व्यापारी आणि वास्तुविशारद यांच्या वाटा वेगळ्या होतात. भांडवली तोटा व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो. शेअर, म्युच्युअल फंड किंवा जमीन विकून नफा झाला असेल तर त्यातून. तसा नफा त्या वर्षी नसेल तर तोटा पुढे आठ वर्षे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. ज्या व्यक्तीचे सारे उत्पन्न फीचे आहे आणि गुंतवणूक बँकेच्या ठेवीत आहे, तिच्यासाठी हा तोटा कागदावरच राहतो. उलट तिने कार ६ लाखांना विकली असती, तर ७८ हजारांचा नफा त्याच वर्षी तिच्या उत्पन्नात मिळून त्यावर पूर्ण कर लागला असता. नफा झाला तर कर लगेच आणि तोटा झाला तर उपयोग नाही. ब्लॉकची पद्धत कारखानदारांची डोकेदुखी कमी करायला आली. एका गाडीच्या मालकाचा तोटा मात्र तिने धंद्याच्या हिशेबातूनच बाहेर काढला. हे अन्यायाचे आहे आणि कायद्यात सुधारता येण्यासारखेही आहे. वीजनिर्मिती आणि वीजवितरण कंपन्यांना एकेका मालमत्तेवर घसारा घेऊन विक्रीचा तोटा त्याच वर्षी वजा घेण्याची मुभा १९६१ च्या कायद्याने दिली होती. तेवढी मुभा एका कारच्या वास्तुविशारदाला का नसावी?

कायदा बदलेपर्यंत तिला काय करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे ब्लॉक खरेच रिकामा आहे का, ते तपासणे. कार्यालयातला एअर कंडिशनर, इन्व्हर्टर, कामाचा मोबाइल हेही १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये येतात. पुष्कळ ठिकाणी अशा वस्तू फर्निचरमध्ये टाकलेल्या असतात किंवा किरकोळ खर्चात लिहून मोकळे झालेले असतात. एअर कंडिशनर पहिल्यापासून योग्य ब्लॉकमध्ये असता, तर कार गेल्यावरही ब्लॉक जिवंत राहिला असता आणि १ लाख २२ हजारांवर घसारा मिळत राहिला असता. ३०-४० हजारांची एक वस्तू हा फरक करते. ती धंद्याची हवी, बिल हवे आणि वापर खरा हवा, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच आर्थिक वर्षात नवी गाडी घेणे. समजा तिने डिसेंबर २०२५ मध्ये १२ लाखांची कार घेतली. ब्लॉक असा होईल: ५ लाख २२ हजार, अधिक १२ लाख, वजा ४ लाख, म्हणजे १३ लाख २२ हजार. ब्लॉकमध्ये वस्तू आहे, तेव्हा भांडवली तोट्याचा प्रश्नच नाही. घसाऱ्यात मात्र एक बारकावा आहे. नवी वस्तू पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर तिच्यावर निम्म्याच दराने घसारा मिळतो. साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आली तर पूर्ण दर, नंतर निम्मा. विक्रीची रक्कम आधी जुन्या शिलकीतून वजा होते. म्हणून १ लाख २२ हजारांवर १५ टक्क्यांनी १८ हजार ३०० आणि नव्या १२ लाखांवर साडेसात टक्क्यांनी ९० हजार, असा एकूण १ लाख ८ हजार ३०० घसारा तिला मिळेल.

हीच कार तिने १० एप्रिलला घेतली असती तर जुना ब्लॉक ३१ मार्चला संपला असता. नवी गाडी नव्या वर्षात नव्याने ब्लॉक सुरू करते, मागचा तोटा तिच्यात येत नाही. शोरूममधल्या मार्चअखेरच्या सवलतींपेक्षा ही तारीख तिच्यासाठी जास्त मोलाची आहे. अर्थात नुसते कर वाचवायला १२ लाखांची गाडी घेणे हा हिशेब कधीच जुळत नाही. गाडी घ्यायचीच असेल आणि प्रश्न फक्त मार्च की एप्रिल एवढाच असेल, तेव्हा ही तारीख पाहायची.

ट्रकच्या धंद्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. कारमध्ये बहुधा तोटा होतो, ट्रकमध्ये कागदावर मोठा नफा होतो. कारण ३० टक्क्यांनी घसारा फार वेगाने पडतो आणि बाजारातली किंमत तेवढ्या वेगाने पडत नाही. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर स्वतःचा एकच ट्रक चालवणारा मालक घ्या. ट्रक जून २०२० मध्ये ३० लाखांना घेतला. पाच वर्षांच्या घसाऱ्यानंतर ३१ मार्च २०२५ रोजी त्याची कराच्या हिशेबातली किंमत ५ लाख ४ हजार २१० उरते. नोव्हेंबरमध्ये ट्रक १२ लाखांना गेला, तर ६ लाख ९५ हजार ७९० रुपयांचा अल्पमुदतीचा भांडवली नफा झाला.

असे बहुतेक मालक अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरतात. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकांसाठी ती सोय आहे. १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १ हजार रुपये आणि बाकी गाड्यांना महिन्याला साडेसात हजार रुपये उत्पन्न धरायचे, वह्या ठेवायच्या नाहीत. म्हणून त्यांना मनापासून वाटते की आपण घसारा कधी घेतलाच नाही, तेव्हा ३० लाखांची गाडी १२ लाखांना विकली म्हणजे १८ लाखांचा तोटा. कायदा मात्र असे मानतो की त्या अनुमानित उत्पन्नात घसारा मिळालेलाच आहे आणि गाडीची किंमत दरवर्षी त्याप्रमाणे कमी झाली आहे. हा भांडवली नफा अनुमानित उत्पन्नात मिसळत नाही, तो वेगळा दाखवावा लागतो. वर्षाला साडेतीन-चार लाखांचे उत्पन्न दाखवणाऱ्या माणसाच्या विवरणपत्रात अचानक सात लाखांची भर पडते. वह्या नाहीत म्हणून घसाऱ्याचा तक्ताही नाही आणि मूळ बिल पाच वर्षांत कुठेतरी हरवलेले असते. वह्या न ठेवणाऱ्यानेही गाडीचे बिल आणि वर्षागणिक किमतीचा एक कागद जपून ठेवावा, असे माझे त्यांना आवर्जून सांगणे आहे.

त्यानेही ३१ मार्च २०२६ पूर्वी भाड्याच्या धंद्यासाठी ४० लाखांचा दुसरा ट्रक घेतला, तर नफा त्या वर्षी उरत नाही. ५ लाख ४ हजार २१०, अधिक ४० लाख, वजा १२ लाख, म्हणजे ब्लॉक ३३ लाख ४ हजार २१० वर राहतो. पण ट्रक विकून त्याने कार घेतली तर उपयोग नाही, कारण कार १५ टक्क्यांच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये जाते.

विक्रीची रक्कम म्हणजे नेमके काय, यावरही बराच घोळ होतो. गाडीवर कर्ज बाकी असेल तर खरेदीदार काही पैसे थेट बँकेला भरतो आणि उरलेले मालकाच्या हातात देतो. ब्लॉकमधून वजा व्हायची ती पूर्ण ठरलेली किंमत, हातात आलेली नव्हे. जुनी गाडी देऊन नवी घेताना विक्रेता बिलातून एक्स्चेंजची रक्कम कापतो. मुनीम मग नवी गाडी कापलेल्या किमतीला दाखवतो आणि जुनी गाडी वह्यांमध्ये तशीच उभी राहते. खरे तर दोन व्यवहार आहेत. जुनीची एक्स्चेंज किंमत म्हणजे विक्री आणि नवीची पूर्ण किंमत म्हणजे खरेदी. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार मोडली तर विमा कंपनीकडून आलेली भरपाई आणि भंगाराचे पैसे हीच विक्रीची रक्कम धरून ब्लॉकमधून वजा होते. आणि विक्री मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर गाडी ताब्यात दिल्याची तारखेसह पावती, बँकेतली नोंद आणि आरटीओच्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. नाव बदलायला पुढचे महिने लागतात आणि विक्री कोणत्या वर्षाची, हा वाद तेव्हाच निघतो.

विवरणपत्रात या सगळ्याची जागा ठरलेली आहे. व्यवसाय करणाऱ्यांच्या आयटीआर-३ मध्ये यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याचा तक्ता असतो, त्याला शेड्यूल डीपीएम म्हणतात. त्यात प्रत्येक दराचा वेगळा स्तंभ असतो. सुरुवातीची शिल्लक, १८० दिवसांच्या आतली-बाहेरची खरेदी, वर्षात आलेली विक्रीची रक्कम असा क्रम खाली उतरत जातो. भांडवली नफा-तोट्याच्या ओळीत सूचना छापलेली आहे की ब्लॉक संपला असेल तरच उणे आकडा लिहावा. भरलेला तक्ता सीएकडून मागून घ्या आणि विक्रीच्या ओळीत गाडीची पूर्ण किंमत आली आहे का ते पाहा. ती ओळ रिकामी असेल तर दोनच शक्यता आहेत: एक तर विक्री नुसती नफा-तोटा पत्रकात गेली आहे, किंवा विकलेल्या गाडीवर अजून घसारा घेतला जात आहे.

जीएसटीने यात एक वेगळीच गुंतागुंत आणली आहे. २५ जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यावसायिकाने जुनी गाडी विकली तर मार्जिनवर १८ टक्के जीएसटी लागतो, गाडी घेताना त्यावर इनपुट क्रेडिट घेतलेले नसेल तर. गाडीवर आयकराचा घसारा घेतला असेल तर मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा त्या दिवशीची घसारा जाऊन उरलेली किंमत. फरक उणे आला तर कर नाही. कार ४ लाखांना विकणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणून जीएसटी शून्य. ६ लाखांना विकली असती तर ७८ हजारांवर १४ हजार ४०. हा निर्णय जाहीर झाला तेव्हा घरची गाडी विकणाऱ्यालाही कर लागणार अशी बातमी पसरली होती, ती खरी नव्हती. नोंदणी नसलेल्या माणसाने आपली घरगुती गाडी विकली तर त्याला जीएसटी नाही. आणि खासगी वापराची गाडी भांडवली मालमत्ता नसल्यामुळे आयकरही नाही.

पण गुंतागुंत अशी की जीएसटीला त्या एका गाडीची उरलेली किंमत हवी आहे. आयकराच्या ब्लॉकमध्ये एकेका गाडीची किंमत लिहिलेलीच नसते. ती खरेदीच्या वर्षापासून, पहिल्या वर्षी अर्धा दर होता की पूर्ण हे पाहून, स्वतंत्रपणे काढावी लागते. त्यामुळे ब्लॉकने जे वेगवेगळे हिशेब १९८८ मध्ये मोडीत काढले, ते धंद्यातल्या प्रत्येक गाडीसाठी पुन्हा ठेवावे लागतात. वहीत एक पान पुरते. गाडीचा क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम, वापरात आल्याची तारीख, घसाऱ्याचा दर, इनपुट क्रेडिट घेतले की नाही, आणि दर ३१ मार्चची उरलेली किंमत. एका गाडीतून दुसऱ्या गाडीवर जाणारा प्रत्येक व्यावसायिक हे पान गाडी विकायला काढण्यापूर्वी, निदान फेब्रुवारीत, आपल्या सीएसमोर ठेवू शकतो.